ओलीचा डाग आणि दोनदा भरलेले पाणी: पावसाळ्यापूर्वीच्या वॉटरप्रूफिंगच्या जाहिरातीचे चित्रीकरण कसे करावे

वॉटरप्रूफिंगची जाहिरात पावसाळ्याच्या आधी लोकांपुढे यावी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत भिंतीवर दाखवण्यासारखी ओल उरलेली नसते, ही या कामातली पहिली अडचण आहे. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात गच्चीखालच्या खोलीतला डाग वाळून जातो; मागे राहतात ते फक्त सुटलेले पोपडे, पिवळसर कडा आणि लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी भुकटी. अशा वेळी फवाऱ्याच्या बाटलीने भिंतीवर पाणी मारून डाग ओला करण्याचा मोह चित्रीकरण करणाऱ्या नवख्या माणसाला होतो. तसे करू नये. फवारलेले पाणी ओघळ धरून खाली उतरते आणि पंख्याखाली अर्ध्या तासात वाळते, तर आतून आलेली ओल ढगासारखी कडा धरून हळूहळू पसरते. ज्याच्या घरात दर श्रावणात भिंत ओली होते, त्याला हा फरक एका नजरेत कळतो आणि तोच या जाहिरातीचा प्रेक्षक असतो.

यावरचा उपाय म्हणजे गच्चीवर पाणी भरून डाग खरोखर परत आणणे, गळतीचे मूळ दुरुस्त करणे आणि नंतर तेवढेच पाणी तेवढाच वेळ पुन्हा भरून डाग येत नाही हे दाखवणे. जाहिरातीचा पुरावा या दोन पाणी भरण्यांत असतो, रंगात नसतो. हे एकदा मनाशी ठरले की कोणत्या दिवशी कॅमेरा लावायचा, केव्हा थांबायचे आणि काय बोलायचे, हे बरेचसे आपोआप ठरते. इंदिरानगरमधल्या एका जुन्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शयनगृहात केलेले काम येथे उदाहरणादाखल घेतो. काम एका स्थानिक रंगविक्रेत्यासाठी होते आणि त्यातील दिवस व मापे जशी होती तशीच दिली आहेत.

घर निवडताना

डाग मोठा आहे म्हणून घर निवडू नये. डागाचे कारण एकच आणि पोहोचता येण्याजोगे आहे, असे घर निवडावे. घरच्यांना पहिला प्रश्न विचारावा की डाग केव्हा वाढतो. बारा महिने सारखाच ओला राहणारा डाग बहुधा न्हाणीघराच्या किंवा भिंतीत गाडलेल्या नळाचा असतो, आणि पावसात वाढून दिवाळीनंतर वाळणारा डाग गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा असतो. इंदिरानगरच्या घरातील काकूंनी सांगितले की जुलैत डाग छताजवळ सुरू होतो आणि गणपतीपर्यंत कपाटाच्या उंचीपर्यंत येतो. वर गच्चीवर पाहिले, तर बरोबर त्याच कोपऱ्यावर कोबा आणि कठडा यांच्या सांध्यात नख जाईल एवढी भेग होती. कारण आणि परिणाम एकमेकांच्या थेट वर-खाली असल्यामुळे जाहिरातीत ते दोन शॉटमध्ये समजावता येणार होते. तीन-चार कारणे एकत्र आलेले घर दुरुस्त करायला हरकत नाही, पण एका मिनिटाच्या चित्रफितीत ते सांगता येत नाही.

याच भेटीत सोसायटीकडून गच्ची वापरण्याची आणि घरमालकाकडून चित्रीकरणाची लेखी परवानगी घ्यावी. डागाच्या आसपास विजेचा बोर्ड असेल तर त्या जोडणीचा एमसीबी कामाच्या दिवसांत बंद ठेवावा लागेल, हेही तेव्हाच सांगून टाकावे.

आणखी एक सूचना रंगाऱ्याला द्यायची असते आणि ती लेखी देण्याइतकी महत्त्वाची आहे: आपण सांगेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. एका आधीच्या कामात आम्ही नऊ वाजता पोहोचलो, तेव्हा कामसू रंगाऱ्याने आठ वाजताच सगळे पोपडे खरवडून भिंत झाडून ठेवली होती आणि आमच्याकडे “आधी”चा एकही शॉट नव्हता.

चौकट, प्रकाश आणि कॅमेऱ्याची मापे

सात आठवड्यांत अनेकदा घेतलेले शॉट एकमेकांवर बसायचे असतील, तर कॅमेरा दर वेळी तसूभरही न चुकता त्याच जागी यावा लागतो. नवखे लोक फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करतात, पण त्या दुसऱ्या दिवशीच्या पोछ्यात निघून जातात. म्हणून मापे वहीत लिहावीत. आमची मापे अशी होती: भिंतीपासून भिंगापर्यंत २१० सेंटिमीटर, फरशीपासून भिंगाची उंची १६५ सेंटिमीटर, तिपाईचा पुढचा पाय दाराकडून तिसऱ्या फरशीच्या कोपऱ्यावर. शिवाय पहिल्या दिवसाचे छायाचित्र दुसऱ्या मोबाइलवर उघडून समोर धरावे आणि खिडकीची चौकट, कपाटाची कड अशा न हलणाऱ्या गोष्टी जुळवून घ्याव्यात. चित्रफीत उभी हवी की आडवी, हेही पहिल्याच दिवशी ठरवावे, कारण ही चौकट नंतर बदलता येत नाही.

खिडकीच्या उजेडावर विसंबू नये. मार्चमधला आणि मेमधला सूर्य एकाच खिडकीतून वेगळ्या कोनाने येतो. जाड पडदे लावून खोली अंधारी करावी आणि एकच एलईडी पॅनेल भिंतीला जवळजवळ समांतर, तिरकस ठेवावे. तिरकस प्रकाशात पोपड्यांच्या सावल्या पडतात आणि सपाट दिसणारा डाग उठून दिसतो. मात्र येथे एक प्रामाणिकपणा पाळावा लागतो. “आधी”चा शॉट तिरकस प्रकाशात आणि “नंतर”चा समोरच्या मऊ प्रकाशात घेतला, तर काहीही न करतादेखील भिंत सुधारल्यासारखी दिसते. दोन्ही शॉट एकाच प्रकाशात घ्यावेत. रंगाऱ्यांना हे आवडत नाही, कारण तिरकस उजेडात पुट्टीवरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. आमच्या रंगाऱ्याने त्यामुळे पॉलिश पेपर एक हात जास्त मारला, हा जाहिरातीचा अनपेक्षित फायदा समजावा.

कॅमेऱ्यातल्या आपोआप चालणाऱ्या गोष्टी बंद कराव्यात. व्हाइट बॅलन्स आपोआप ठेवला, तर ओल्या करड्या भिंतीसमोर आणि नंतर मलईरंगी भिंतीसमोर कॅमेरा वेगवेगळा रंग ठरवतो आणि विक्रेत्याने विकायला काढलेली छटाच खोटी दिसते. आम्ही तो ५६०० केल्विनवर, पॅनेलच्या प्रकाशाशी जुळवून, कायम ठेवला. फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद केले, मोबाइलचे मुख्य भिंगच वापरले आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला भिंतीसमोर करड्या रंगाचे कार्ड धरून एक शॉट घेतला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेमला १/५० शटर ठेवले, म्हणजे घरातल्या दिव्यांची थरथर दिसत नाही.

पहिले पाणी: २४ ते २६ मार्च

सकाळी पहिले काम म्हणजे डागाच्या वाळलेल्या कडेवरून पेन्सिलीची रेघ ओढून तिच्याशेजारी भिंतीवरच तारीख लिहिणे. ही रेघ पुढे सगळ्या जाहिरातीचा कणा होते, कारण नंतर आलेली ओल रेघेच्या आत राहिली की बाहेर गेली, हे प्रेक्षक स्वतः पाहू शकतो.

गच्चीभर पाणी भरण्याची गरज नसते आणि उन्हाळ्यात तेवढे पाणी सोसायटी देणारही नाही. संशयित कोपऱ्याभोवती विटा आणि मातीचे आळे बांधावे, जसे नव्या स्लॅबवर पाणी धरण्यासाठी बांधतात. आमचे आळे ३ मीटर बाय २ मीटर होते आणि त्यात ५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे ३०० लिटर भरले. हा भार दर चौरस मीटरला ५० किलो होतो. धडधाकट स्लॅबला तो जड नाही, पण ज्या स्लॅबचे गज उघडे पडले आहेत किंवा तुकडे सुटत आहेत, तिथे अभियंत्याला विचारल्याशिवाय पाणी भरू नये. आळ्याशेजारी एका उथळ घमेल्यात तेवढ्याच खोलीचे पाणी ठेवावे. नाशिकच्या उन्हात पाणी नुसत्या वाफेनेच उतरते. आळ्यातली पातळी घमेल्यापेक्षा जास्त उतरली, तरच उरलेले पाणी खाली जात आहे असे म्हणता येते. या घमेल्याचा दोन सेकंदांचा शॉट आम्ही जाहिरातीत ठेवला, आणि फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्याविषयी सर्वांत जास्त विचारले.

खाली खोलीत टाइमलॅप्स लावला. त्याचे गणित सोपे आहे: ४८ तासांचे चित्र सुमारे ८ सेकंदांत बसवायचे, तर २५ फ्रेमने २०० छायाचित्रे लागतात, म्हणून दर १५ मिनिटांना एक छायाचित्र. अशी १९२ छायाचित्रे होतात आणि ती ७.७ सेकंद चालतात. पॅनेल दोन रात्री चालू ठेवावे लागत असल्याने घरच्यांना बैठकीत झोपावे लागते. हे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच रात्री कोणीतरी दिवा बंद करते. पॅनेल बॅटरीवर चालणारे असावे, म्हणजे वीज गेली तरी काळी छायाचित्रे येत नाहीत.

पहिली ओल साधारण वीस तासांनी, छत आणि भिंत यांच्या कोपऱ्यात दिसली आणि २६ तारखेच्या सकाळपर्यंत पेन्सिलीच्या रेघेच्या निम्म्यापर्यंत उतरली. खाली उतरण्याचे प्रमाण पावसाळ्यातल्यापेक्षा कमी असणार हे गृहीत धरावे; दोन दिवसांचे पाणी दोन महिन्यांच्या पावसाची बरोबरी करत नाही.

अठ्ठेचाळीस तासांत काहीच आले नाही तर? तर गळती साचलेल्या पाण्याची नाही, भिंतीवर आपटणाऱ्या पावसाची असण्याचा संभव आहे. नाशिकचा पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीवरच्या भेगा आणि खिडकीच्या कडा तपासाव्यात. पाइपने बाहेरच्या भिंतीवर खालून सुरुवात करून, टप्प्याटप्प्याने वर सरकत पाणी मारावे आणि प्रत्येक टप्प्याला पंधरा-वीस मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि कोणत्या भेगेतून आत आले ते कळत नाही. यातूनही डाग आला नाही, तर ते घर चित्रीकरणासाठी सोडून द्यावे.

मुळाची दुरुस्ती: २७ ते ३१ मार्च

पाणी सोडल्यावर, पावसाच्या पाइपच्या तोंडात कोंबलेले पोते आठवणीने काढावे. गच्ची दिवसभर वाळू दिली आणि २७ तारखेला मिस्त्रींनी सांध्यातली भेग छन्नीने साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल उघडली. हा शॉट जवळून घ्यावा, कारण बाहेरून केसासारखी दिसणारी भेग आत किती मोकळी असते, हे तेव्हाच दिसते. भेग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने भरली, आणि कठडा व गच्ची यांच्या कोपऱ्यात गोलसर उतार, म्हणजे मिस्त्री ज्याला वाटा म्हणतात तो, नव्याने काढला. वाट्यामुळे पाणी कोपऱ्यात थांबत नाही आणि वरचे लेपन काटकोनात वाकून फाटत नाही. या कामावर तीन दिवस पाणी मारले.

त्याच दुपारी खाली खोलीत, ओलीचा अखेरचा शॉट घेतल्यानंतर, डागाचा गिलावा विटेपर्यंत काढला. रेघेच्या बाहेरही ३० सेंटिमीटर काढावा लागतो, कारण लोणा दिसतो त्याच्या पलीकडेही पसरलेला असतो. लोण्याची भुकटी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावी. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत विटेत शिरतात. रेघ गिलाव्याबरोबर निघून जाते, म्हणून ती शेजारच्या भिंतीवर आणि छतावर चार टोकांना खुणा करून आधीच उतरवून ठेवावी.

३१ मार्चला लेपन झाले. आम्ही दोन घटकांचे सिमेंट-पॉलिमर लेपन वापरले. ते ओलसर पृष्ठभागावर लावतात. गच्चीवर आधी पाणी मारून वर साचलेले पाणी पुसून घेतात. याउलट डब्यातून थेट लावायच्या ॲक्रिलिक लेपनाला पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. जाहिरातीत मालाचा प्रकार आणि पृष्ठभागाची तयारी यांची गल्लत दिसली, तर जाणकार तिथेच हसतो. पहिला हात सकाळी नऊच्या आत लावला, कोपऱ्यात फायबर जाळी दाबून बसवली आणि दुसरा हात पाच वाजल्यानंतर पहिल्याला काटकोनात लावला. लेपन कठड्यावर ३० सेंटिमीटर वरपर्यंत नेले. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर लेपनातले पाणी क्षणात उडून जाते आणि बारीक तडे पडतात. दुपारच्या उन्हात मोबाइलही तापून बंद पडतो, त्यामुळे चित्रीकरणाचे आणि मिस्त्रींचे वेळापत्रक येथे आपसूक जुळते. लेपनाच्या टाइमलॅप्ससाठी छत्रीच्या सावलीत कॅमेरा ठेवून दर १० सेकंदांना एक छायाचित्र पुरते.

दुसरे पाणी: ७ ते ९ एप्रिल

लेपनाला पाण्याखाली ठेवण्याआधी किती दिवस द्यायचे, हे पोत्यावर लिहिलेले असते. आमच्या मालाला सात दिवस होते. विक्रेत्याला घाई होती आणि तिसऱ्याच दिवशी पाणी भरा, असा त्याचा आग्रह होता. तो मान्य केला असता आणि लेपन फसले असते, तर दोष मालाचा की घाईचा हे कोणालाच सांगता आले नसते.

या वेळी आळे, ३०० लिटर पाणी, घमेले, ४८ तास आणि खालचा टाइमलॅप्स सगळे पहिल्यासारखेच ठेवावे. खोलीतली भिंत अजून उघड्या विटांची असते, आणि ती तशीच ठेवण्यामागे कारण आहे. नवा गिलावा आधी केला असता, तर त्याच्या स्वतःच्या पाण्याने भिंत ओली दिसली असती आणि परीक्षा निरर्थक ठरली असती. उघडी वीट थेंबभर पाण्यानेही लगेच गडद होते, त्यामुळे ती सर्वांत कडक परीक्षक असते.

ओलावा मोजणारे सुयांचे यंत्र वापरायचे असेल, तर त्याच्या मर्यादा समजून वापरावे. अशी बहुतेक यंत्रे लाकडासाठी बनवलेली असतात. विटेवरचा आकडा टक्केवारी म्हणून सांगू नये, तो फक्त तुलनेपुरता असतो. लोण्यातले क्षारही वीज वाहून नेतात, म्हणून क्षार असलेल्या कोरड्या भिंतीवरसुद्धा आकडा वर जातो. आणि गिलाव्यावर घेतलेला मार्चचा आकडा विटेवरच्या एप्रिलच्या आकड्याशेजारी मांडणे ही तर उघड फसवणूक होईल. आम्ही त्याच तीन विटांवर, पाणी भरण्याआधी आणि ४८ तासांनी असे दोनच वाचन घेतले आणि पडद्यावर तेवढेच दाखवले. आकडे हलले नाहीत, वीटही गडद झाली नाही. हा ७.७ सेकंदांचा, काहीही न घडणारा शॉट आहे; तो कंटाळवाणा वाटेल म्हणून कापू नये. पडदा दुभागून एका बाजूला पहिले पाणी आणि दुसऱ्या बाजूला दुसरे पाणी एकाच वेळी चालवावे, तळाशी दोन्हींचे तास मोजत राहावे. संगीत येथे बंद करून खोलीचा नैसर्गिक आवाज ठेवल्यास प्रेक्षक भिंतीकडेच बघतो.

गिलावा आणि रंग: १० एप्रिल ते ११ मे

गिलावा १० एप्रिलला झाला. साध्या सिमेंट-वाळूच्या नव्या गिलाव्यावर रंग देण्यापूर्वी साधारण २८ दिवस थांबतात, कारण ताज्या सिमेंटचा अल्क रंगाला खातो आणि आत उरलेले पाणी बाहेर पडताना रंगाला फुगे आणते. त्यामुळे रंगाचे काम ८ मेच्या आधी सुरू करता येत नव्हते, आणि याच एका आकड्यासाठी आम्ही मार्चमध्ये सुरुवात केली होती. हा लेख एप्रिलअखेरीस कोणी वाचत असेल, तर त्याने रंगाचा शॉट सोडून द्यावा आणि जाहिरात दुसऱ्या पाण्यावर संपवावी. ग्राहक मेमध्ये ठरवतात आणि मृगाच्या आधी गच्चीचे काम उरकू पाहतात; जूनमध्ये आलेली सुंदर भिंत त्यांच्या कामाची नसते.

पुट्टी, जुने रंगारी जिला लांबी म्हणतात ती, ८ मेला दोन हातांत भरली. ९ तारखेला घासून प्रायमर दिला. १० तारखेला रंगाचे दोन हात झाले. ओला रंग वेगळ्या छटेचा दिसतो, म्हणून अखेरचा शॉट ११ मेला घेतला, त्याच चौकटीत आणि त्याच तिरकस प्रकाशात.

पडद्यावर काय लिहावे

बारा-तेरा दिवसांचे काम ६० सेकंदांत दिसते, तेव्हा ते एका आठवड्यात होते असा समज होतो. म्हणून प्रत्येक शॉटच्या कोपऱ्यात तारीख ठेवावी आणि “एकूण कालावधी ४९ दिवस, त्यात गिलावा मुरण्याचे २८ दिवस” हे वाक्य दाव्याइतक्याच ठळक अक्षरात लिहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो; दावा मराठीत आणि बारीक इंग्रजीत अट, असे चालत नाही. याच तत्त्वांनुसार जाहिरातीत बोलणाऱ्याचा आणि विक्रेत्याचा काही व्यवहार असेल, तर तोही सांगावा लागतो. काकूंच्या भिंतीचे काम विनामूल्य झाले होते, म्हणून त्या बोलत असताना खाली तसे लिहिले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

“कायमची हमी” आणि “१०० टक्के” हे शब्द विक्रेता मागतोच. आम्ही जे तपासले ते एवढेच होते: एका कोपऱ्यात ५ सेंटिमीटर पाणी ४८ तास उभे राहिले आणि खाली उतरले नाही. वाऱ्यासह भिंतीवर येणारा पाऊस आम्ही तपासला नव्हता, न्हाणीघराची गळती तर विषयातच नव्हती. त्यामुळे पडद्यावर “कोबा आणि कठड्याच्या सांध्यातील गळती” असेच लिहिले आणि विक्रेत्याने थोडे कुरकुरत ते मान्य केले.

मापांची वही जपून ठेवावी. जुलैच्या अखेरीस, दोन-तीन जोरदार सरी झाल्यावर, त्याच घरी २१० आणि १६५ सेंटिमीटरवर तिपाई लावून एक शॉट घ्यायचा असतो. भिंत कोरडी असेल तर तो पुढच्या वर्षीच्या जाहिरातीचा पहिला शॉट होतो, आणि ओल आलेली असेल तर विक्रेत्याला सांगून चालू जाहिरात त्याच दिवशी काढून घ्यायची असते. हे आम्ही करारातच लिहून घेतले होते.